पांढऱ्या दाढीचा संपादक

मराठी विभागाच्या प्रथम वर्षासाठी ‘दर्पण’ या वृत्तपत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतलेली सहा मिनिटांची चित्रफीत प्रसिद्धीपूर्वी आमच्याकडे तपासणीस आली. निवेदन आम्ही आधी कागदावर उतरवून काढले, कारण कानावरून जाणारे वाक्य सहज पटते, तेच डोळ्यांपुढे आले की आधार मागू लागते. त्यात ठळक चूक एकच सापडली: ‘दर्पण’ला ‘पहिले मराठी दैनिक’ म्हटले होते. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेले हे पत्र आरंभी पाक्षिक होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते साप्ताहिक झाले. एक शब्द बदलला, काम झाले.

मग आवाज बंद करून आम्ही तीच चित्रफीत दर पाच सेकंदांनी थांबवत पाहिली, आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकर म्हणून एक शुभ्र दाढीचे वृद्ध गृहस्थ मेजाशी बसले होते. बाळशास्त्री १८४६ साली, चाळिशीही न गाठता वारले; ‘दर्पण’ काढताना तर ते विशीच्या आसपासचे होते. ‘संपादक’ म्हटल्यावर यंत्राने भारदस्त वय बहाल केले असावे! शिवाय ते चित्र तपकिरी छटेच्या जुन्या छायाचित्रासारखे केलेले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली तीच १८३९मध्ये. निवेदनात यातले काहीही नव्हते. म्हणून नुसती संहिता तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता.

अंकाचे चित्र अधिक फसवे होते. पानभर देवनागरी, मध्ये छायाचित्र, आणि जवळून पाहावे तर जोडाक्षरे अर्थहीन. प्रत्यक्षात ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या दोन स्तंभांत असे. पत्र कोणासाठी होते, हे त्या मांडणीतच वाचता येते. चित्राने नेमके तेच पुसून टाकले होते.

खिडकीबाहेर बोरीबंदरच्या स्थानकाचा घुमट होता. त्या इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले. दृश्य पुन्हा तयार करवून घेतले, तर घुमट गेला आणि वाफेचे इंजिन आले. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली धावली. दुरुस्त तुकडाही पहिल्या क्षणापासून पुन्हा पाहावा लागतो, हे तेव्हा कळले.

वृद्ध संपादकाखाली ‘काल्पनिक चित्र’ अशी ओळ घालावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. आम्हांला ते मान्य झाले नाही. काल्पनिकतेची सूचना वेशभूषेपुरती चालेल. वयाबद्दलची चूक ती सावरू शकत नाही. विद्यार्थी ओळ विसरतात, दाढी लक्षात ठेवतात. अखेर ते दृश्य काढले आणि त्या जागी दोन स्तंभांचा साधा आराखडा ठेवला: डावीकडे एक भाषा, उजवीकडे दुसरी, वर फक्त नाव आणि तारीख.