शेवटच्या रेसच्या आधी

पुणे

प्रिय बंड्या,


तू पाठवलेला कागद मिळाला. ‘रेसला गेलो तर हजाराच्या वर हरायचं नाही’ एवढं एकच वाक्य. हेतू चांगला आहे, पण रेसकोर्सवर हे वाक्य पहिल्या तासातच फितूर होतं.

कसं ते बघ. हजार घेऊन गेलास. दुसऱ्या रेसला घोडा लागला, सहाशे वर आलास. मग सोळाशे घालवलेस, तरी तुझ्या कागदाप्रमाणे हरलास हजारच! म्हणजे जिंकलेले सहाशे तुझे कधी झालेच नाहीत. म्हणून हरणं मोजू नकोस, घरून निघालेले पैसे मोज. ते डाव्या खिशात. टोटच्या खिडकीवरून परत आलेलं सगळं उजव्या खिशात, आणि उजवा खिसा घरी पोचेपर्यंत शिवलेला समजायचा.

आता आकडा. खेळीची कमाल आधी ठरव, दिवसाची मर्यादा तिच्यातून आपोआप निघते. एका रेसला शंभर आणि दिवसात पाचच रेस. त्यावर कर धर. रेसच्या खेळीवर पूर्वी 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभराची खेळी खिशाला एकशेचाळीसला पडते. पाचांचे सातशे. महिन्यात तीनच दिवस, म्हणजे एकवीसशे. हे पैसे सिनेमा-हॉटेलच्या हिशोबातले, घरभाड्यातले नव्हेत. एकवीसशे गेले तर महिनाअखेरीला काही अडणार आहे का? अडत असेल तर आकडा खाली आण.

खेळीची कमाल का, विचारशील. माझ्या तरुणपणी एक हिशेबी गृहस्थ शेजारी उभे राहायचे. हरलं की दुप्पट लावायचे. एकदा तरी लागेल आणि सगळं वसूल होईल, हा त्यांचा सिद्धांत. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे. पाच वेळा हरलं की एकतीसशे गेले, आणि आजच्या करासकट चार हजार तीनशे चाळीस. फेव्हरिट घोडा साधारण तिनांत एकदा जिंकतो असं धर. लागोपाठ पाच वेळा हुकण्याची शक्यता शंभरात तेरा. वर्षभर जाणाऱ्याला हा दिवस दाखवण्यासाठी नशीब फुटावं लागत नाही.

वेळेचं कलम तुझ्या कागदात नाहीच. दोन रेसमध्ये जवळजवळ अर्धा तास असतो. रेस मिनिट-दीड मिनिटाची, उरलेला वेळ टिपा ऐकण्यात आणि मागच्या रेसचा सल धरण्यात जातो. म्हणून निघायची वेळ लिही, आणि ती शेवटच्या रेसच्या आधीची लिही. अमेरिकेतल्या रेसकोर्सांची आकडेवारी तपासून विल्यम मॅकग्लॉथलिन यांनी 1956 साली दाखवलं होतं की शेवटच्या रेसला लोक मोठ्या भावाच्या, लागायची शक्यता कमी असलेल्या घोड्यांवर जास्त पैसे लावतात. दिवसभराचं उट्टं एका घोड्यात काढायचं असतं ना! मी स्वतः एका पगाराचा मोठा भाग असाच शेवटच्या रेसला घातला आणि चालत घरी आलो. तुझ्या मामीला पाकीट मारल्याचं सांगितलं होतं. (अजून तेच माहीत आहे.)

एटीएम कार्ड घरी ठेव. फोनवर खेळी घेणारा बुकी तर मुळीच नको. तो बेकायदा तर आहेच, शिवाय उधारीवर चालतो, आणि उधारीला खिसा नसतो, मग मर्यादा कशाला लावणार?

कागदात बदल करायचा झाला तर मर्यादा कमी करणं त्याच क्षणी लागू, वाढवणं मात्र पुढच्या महिन्यापासून, तेही घरी बसून लिहिलं तरच. कुठलीही सूट रेसकोर्सवर उभं राहून द्यायची नाही, डर्बीचा रविवार असला तरी.

एक गोष्ट मात्र खरी: कागद सगळ्यांना पुरत नाही. मर्यादा दोनदा मोडलीस, आकडा घरी खोटा सांगितलास किंवा कुणाकडून उसने घेतलेस, तर आकडे सुधारत बसू नकोस. रेस बंद कर. नाही जमलं तर टेलिमानसला 14416 वर फोन कर, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. आणि मलाही कर.

कागद पुन्हा लिही. तारीख घाल, सही कर, एक प्रत मला पाठव. ती येईपर्यंत महालक्ष्मीला जाऊ नकोस.

तुझा
मामा