जास्तीचे पैसे बुटाच्या कोणत्या भागात जातात?

स्पोर्ट्स शूजची किंमत मुख्यतः टाचेखालच्या फोमवर आणि जमिनीला टेकणाऱ्या थरावर ठरते. सात-आठशेच्या जोडीत बहुधा वरपासून खालपर्यंत एकच ईव्हीए फोम असतो, नाहीतर पीव्हीसीचा ओतीव सोल. खाली रबर नसल्याने जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या आवारात, खडी आणि लोखंडाच्या किसावर, टाचेची बाहेरची कड आधी झिजते.

अडीच ते साडेचार हजारांत साधारणपणे फोमखाली रबर, टाचेमागे घट्ट कप आणि सुटा निघणारा आतला सोल मिळतो. दहा हजारांपुढे पैसे जातात ते हलकेपणासाठी आणि उसळी देणाऱ्या फोमसाठी. आयुष्य तेवढ्या पटीने वाढत नाही. कार्बन पट्टीचे शर्यतीचे बूट तर उलट लवकर थकतात. धावण्याच्या साध्या बुटाचे आयुष्य साधारण 500 ते 800 किलोमीटर धरतात. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी रोज पाच किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धावणाऱ्याचा बूट या हिशेबाने चार ते सहा महिने टिकतो. तळ शाबूत दिसला तरी फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या आणि टेबलावर बूट एका बाजूला कलला, की तो संपला.

पण महागड्या जोडीलाही एक जागा कच्चीच राहते, ती म्हणजे पेस्टिंग. बहुतेक स्पोर्ट्स शूजमध्ये वरचा भाग आणि सोल केवळ चिकटवलेले असतात, आणि जास्त उष्णतेत ते चिकटण मऊ पडते. प्रस्तुत लेखकाची मध्यम किमतीची जोडी एका उन्हाळ्यात चवड्याकडून उघडली. दुकानदाराने बूट हातातही न घेता 'वापराची झीज' म्हणून वॉरंटी नाकारली. ते आजही खटकते, कारण उघडलेली फट पाहून दोष ओळखता येतो. फाटलेले कापड किंवा फोमचे तुकडे सोलला चिकटून आले असतील तर जोड पक्का होता, ताण जास्त पडला. एका बाजूला चिकटणाचा चकचकीत पापुद्रा आणि दुसरी बाजू कोरी असेल तर जोड मुळात धरलाच नव्हता, म्हणजे दोष बहुधा बनवणाऱ्याचा. त्या बुटाची एक बाजू कोरीच होती. शेवटी मोच्याने दोन्ही बाजू खरवडल्या, सोल्यूशन लावून वाळू दिले, दाबून बसवले आणि चवड्याला शिलाई मारली. पुढे फोम बसला, पण तो जोड सुटला नाही.

एवढे होऊनही रोज धावणाऱ्याने मध्यम किमतीचीच जोडी घ्यावी. घेताना बूट वाकवून पाहावा: तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. बिल जपून ठेवावे आणि सोल उघडल्यास चिकटवून घेण्याआधी फटीचा फोटो काढावा.