मोडक्या छत्र्यांचा आठवडा

बेळगावात पाऊस येण्याआधी शाळा सुरू होतात, त्यामुळे आमच्या छत्री-रेनकोटच्या दुकानाचा खरा हंगाम मे अखेरीलाच लागतो. गेल्या वर्षी समोरच्याने वीस टक्के सूट लावली. मुलगा म्हणाला, "आई, आपणही लावू या." मी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. साडेतीनशेची छत्री आम्हाला दोनशे ऐंशीला पडते. वीस टक्के म्हणजे सत्तर रुपये. म्हणजे नफा तेवढाच गेला, आणि दुकानभाडं आमच्याच डोक्यावर!

मी म्हटलं, जुन्या छत्र्या फुकट दुरुस्त करून देऊ. हे हसले. "मग नवीन कोण घेईल गं?"

छत्री दुरुस्त करणाऱ्या मामांना तीन दिवस दुकानासमोर बसवलं. रोजची आठशे मजुरी, वर तार-दोऱ्याचे तीनशे, असे सत्तावीसशे रुपये. बहुतेक छत्र्यांचं दुखणं किरकोळ असतं. काडीच्या टोकाशी कापडाचा टाका सुटतो, तो पाच मिनिटांत बसतो. पण मामा आधी छत्री उघडून उजेडाकडे धरायचे. घडीच्या रेषेवर बारीक भोकं चमकली, की कापड संपलं. दांडा वाकला असेल तर खटकाच बसत नाही. तीन घडीच्या छत्रीची काडी मोडली, तर तिच्या मापाची दुसरी मिळणं कठीण. अशांना ते स्पष्ट सांगत, "अक्का, ही राहू द्या." दुकानदार असं म्हणाला, तर गिऱ्हाईकाला खोटं वाटतं. मामांचं पटायचं, कारण त्यांनी आताच शेजारणीची छत्री नीट करून दिलेली असायची.

एकशे दहा छत्र्या आल्या, सव्वीस निकामी निघाल्या. त्यांतल्या एकोणीस जणींनी पूर्ण किमतीत नवीन घेतली. छत्री न्यायला येताना मुलाला दप्तरासकट आणा, असं आम्ही सांगून ठेवलं होतं. दप्तर पाठीवर असताना रेनकोट घालून पाहिला, की मापाची चूक कळते, नाहीतर मागून तो वर चढतो आणि पुस्तकं भिजतात. असे बावीस रेनकोट गेले. एकामागे शंभर धरले, तरी खर्च निघून आठशेवर उरले. फार नाहीत, पण सुटीशिवाय.

चूक मात्र माझ्या हातून झाली. नावांच्या चिठ्ठ्या मी छत्र्यांत नुसत्या खोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वळवाची सर आली, छत्र्या घाईनं आत घेताना चिठ्ठ्या गळाल्या. काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच! बसदीतल्या एका काकींना दुसऱ्याच कोणाची गेली. त्यांची यजमानांच्या आठवणीची होती. नवी दिली, ती त्यांनी घेतली नाही. चार दिवसांनी ती मिळाली, तोवर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

यंदा पत्र्याचे नंबर आणलेत. एक मुठीला दोऱ्यानं बांधायचा, दुसरा हातात द्यायचा. आणि पहिला पाऊस पडला, की दुरुस्ती बंद. तेव्हा छत्री ठेवून घरी कोण जाणार?