चक्क्याखालचं पाणी

चक्का बांधला की फडक्यातून जे पाणी ठिबकतं, त्याला हिरवट-पिवळी झाक असते. दुधातल्या रिबोफ्लेविन नावाच्या जीवनसत्त्वाचा तो रंग. आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री दह्याची पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेली असायची आणि खाली पातेलं. सकाळी त्यात साठलेलं आंबूस पाणी आई टाकू देत नसे. ते कणकेत जायचं किंवा थालीपिठाच्या भाजणीत. पुढे दुग्धतंत्रज्ञान शिकले, डेअरीत नोकरी केली आणि आयुष्यभर याच पाण्याच्या निरनिराळ्या रूपांशी माझा संबंध येत राहिला. आज ते जिममधल्या मुलामुलींच्या शेकरमध्ये चॉकलेटच्या चवीचं होऊन बसलं आहे.

त्याच घरात बाबांना दूध सोसत नव्हतं. कपभर प्यायले की तासाभरात पोट गुडगुडायला लागायचं, फुगायचं. दही-ताक मात्र खुशाल चालायचं आणि दिवसातून तीनदा दुधाचा चहाही. घरात याला वाताची प्रकृती म्हणत आणि विषय तिथेच संपे. कॉलेजात लॅक्टोजवरचा धडा शिकताना मला बाबांचं पोट समजलं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये बालपणानंतर त्याचं प्रमाण घटत जातं. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते, मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. दह्यात विरजणाचे जिवाणू थोडी साखर आधीच खाऊन टाकतात, शिवाय पोटात गेल्यावरही उरलेली फोडायला मदत करतात. म्हणून दही चालतं. आणि चहा चालतो, कारण कपभर चहात दूध असतं पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे लॅक्टोज जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. शरीराला लॅक्टोज चालतं की नाही, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत अपुरा असतो. एका वेळी किती चालतं, हे विचारावं लागतं. लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांपैकीही बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एका मोठ्या कपभर दुधाइतकं, फारसा त्रास न होता घेऊ शकतात. बाबा त्यापेक्षा हळवे होते, पण चहाच्या मर्यादेत सुखरूप होते.

नोकरीत चीज विभागात आले तेव्हा पातेल्याच्या जागी टाक्या आल्या. शंभर लिटर दुधाचं चीज केलं की हाती येतं दहा किलोच्या आसपास चीज आणि उरतं नव्वद लिटर पाणी. जगभर कित्येक वर्षं ते डुकरांना पाजलं गेलं, शेतात सोडलं गेलं, नद्यांत ओतलं गेलं. दिसायला निरुपद्रवी असलं तरी ओढ्यात सोडलं तर त्यातल्या साखरेवर जिवाणू इतके माजतात की पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पनीरचं पाणी प्यायलं तर प्रोटीन पावडरची गरज नाही, असं मी अनेकदा ऐकते. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे प्रथिनं. चीजसाठी दूध फक्त पाश्चराइज करतात आणि रेनेटने गोठवतात, त्यामुळे व्हे प्रथिनं शाबूत राहून पाण्याबरोबर बाहेर पडतात. आपण पनीरसाठी किंवा विरजणासाठी दूध उकळतो. त्या उष्णतेने व्हे प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनला चिकटतात आणि बरीचशी पनीरात किंवा चक्क्यातच राहतात. खाली उरतं ते मुख्यतः लॅक्टोज, क्षार आणि पाणी. कणीक मळायला ते उत्तम आहे, पण प्रथिनासाठी पनीर खावं.

चीजच्या पाण्यातसुद्धा प्रथिन विरळच असतं. त्या नव्वद लिटरात प्रथिन अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त आणि लॅक्टोज चार किलोच्या वर. ते तसंच वाळवलं तर हाती येणारी भुकटी ही खरं म्हणजे साखरेचीच भुकटी. त्यात प्रथिन बारा-तेरा टक्के. म्हणून ते पाणी अत्यंत सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांवरून दाबाने फिरवतात. या तंत्राचा उद्योगात वापर १९७० च्या दशकात सुरू झाला. पाणी, क्षार आणि लॅक्टोजचे लहान रेणू पलीकडे निघून जातात, प्रथिनांचे मोठे रेणू अलीकडे राहतात. द्रव दाट झाला की त्यात स्वच्छ पाणी घालून पुन्हा फिरवतात, म्हणजे चिकटून राहिलेली साखरही धुऊन निघते. आई तांदळाचं पाणी निवळेपर्यंत धूत राही, तसंच हे. मग गरम हवेत फवारून वाळवतात. कोरड्या भुकटीत प्रथिन ८० टक्क्यांच्या आसपास आलं की झालं कॉन्सन्ट्रेट. लॅक्टोज त्यात साधारण चार ते आठ टक्के उरतं. स्निग्धांशही थोडा उरतो, कारण त्याचे कण प्रथिनापेक्षा मोठे असल्याने तेही पडद्याच्या अलीकडेच अडकतात. कॉन्सन्ट्रेटला जी दुधाळ, भरीव चव असते ती त्यातूनच येते.

आयसोलेटसाठी आणखी एक पायरी लागते. थोड्या मोठ्या छिद्रांच्या पडद्याने स्निग्धांश वेगळा काढतात किंवा प्रथिनं विद्युतभाराच्या आधारे निवडून घेतात आणि धुणं अधिक कसून करतात. प्रथिन ९० टक्क्यांवर जातं, लॅक्टोज एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली येतं. म्हणजे आयसोलेट हे कुठलं निराळं, वरच्या जातीचं प्रथिन नव्हे. त्याच पाण्यातलं तेच प्रथिन अधिक धुतलेलं आहे. प्रथिनाचे ग्रॅम सारखे घेतले तर स्नायूंना दोन्हींत व्यवहारात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. जिममध्ये आयसोलेटची जी थोरवी सांगितली जाते, तिच्यापुढे हे कुणीतरी शांतपणे मांडायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

हे सगळं पुन्हा उगाळावं लागलं ते भाचीमुळे. पुण्यात नोकरीला लागली आणि जिममध्ये जायला लागली. ट्रेनरने सांगितलं म्हणून कॉन्सन्ट्रेटचा डबा आणला आणि पंधरवड्यात तिचं पोट फुगायला लागलं. ट्रेनर म्हणाला, कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेट घे. तिचा फोन आला, "मावशी, हा डबा कुणाला देऊन टाकू का?" मी विचारलं, "कशात कालवतेस?" तर तीनशे मिलिलिटर दुधात, केळं घालून.

मी तिला डब्यामागचा तक्ता वाचायला लावला. स्कूप ३२ ग्रॅमचा, प्रथिन २४ ग्रॅम. २४ ला ३२ ने भागलं की ७५ टक्के येतात; चव आणि कोको घातलेल्या कॉन्सन्ट्रेटसाठी हा आकडा योग्य. इथे पन्नास-पंचावन्न टक्के येतात तेव्हा डब्यात हलक्या प्रतीचं व्हे किंवा माल्टोडेक्स्ट्रिनसारखं भरताड आहे असं समजावं, आणि हलक्या प्रतीच्या व्हेमध्ये लॅक्टोज खरोखरच भरपूर असू शकतं. मग साखरेची ओळ पाहिली. एकूण साखर दोन ग्रॅम, वरून घातलेली शून्य. वरून काही घातलं नसेल तर अशा डब्यातली साखर बहुतांशी लॅक्टोजच. म्हणजे एका स्कूपमधून लॅक्टोज दोन ग्रॅम, तर तीनशे मिलिलिटर दुधातून चौदा. सोळापैकी चौदा ग्रॅम दुधाचे होते. आयसोलेट आणलं असतं तरी दुधाचे चौदा ग्रॅम पोटात गेलेच असते. डबा बदलून तिचं पोट शांत होणार नव्हतं.

"चहा सोसतो ना?" मी विचारलं. सोसत होता, ऑफिसात चार-चार कप. मग काही दिवस हीच पावडर पाण्यात घेऊन बघ, बाकी काही बदलू नकोस, म्हटलं. पोट फुगणं थांबलं. लॅक्टोजचा त्रास बहुधा अर्ध्या ते दोन तासांत दिसतो, त्यामुळे ही पारख घरच्या घरी करता येते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवशिक्याने मोठा डबा घेण्याआधी लहान पाकीट घेऊन एवढं करून पाहिलं तर पैसे आणि पोट दोन्ही वाचतात.

पैशाचाही हिशेब केला. समजा कॉन्सन्ट्रेट किलोला २४०० रुपये आणि त्यात ७५ टक्के प्रथिन, तर प्रथिनाचा ग्रॅम ३ रुपये २० पैशांना पडला. आयसोलेट ३६०० रुपये आणि ९० टक्के, तर ४ रुपये. रोजच्या २४ ग्रॅमला जवळपास १९ रुपयांचा फरक, महिन्याला पावणेसहाशे. सुरुवात करणाऱ्या मुलीने ते पैसे अंडी, पनीर आणि डाळींवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं वजन ५८ किलो. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिन धरलं तर रोजची गरज ७० ते ९३ ग्रॅम. तिच्या जेवणातून साठेक ग्रॅम मिळत होतं. एक स्कूप त्यात भर घालायला पुरेसा होता.

आयसोलेट कोणासाठी? ज्याला चहातलं दूधही बाधतं त्याच्यासाठी. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं आणि काही आठवडे लॅक्टोज चालत नाही, त्याच्यासाठी. आणि जो कडक आहारावर आहे, ज्याला दोन-तीन ग्रॅम स्निग्धांशही मोजून टाळायचा आहे, त्याच्यासाठी. दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असेल, अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील किंवा श्वास लागत असेल, तर आयसोलेटही वर्ज्य. त्यात तेच प्रथिन अधिक एकवटलेलं आहे. त्याने डॉक्टरांना दाखवावं आणि पावडर घ्यायचीच तर वाटाण्याची किंवा इतर वनस्पतींची घ्यावी.

माझं पोट बाबांवर गेलं आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली तेव्हा मीही डबा आणला, तो कॉन्सन्ट्रेटचा. एक स्कूप गार पाण्यात ढवळते, वरचा फेस बसू देते आणि सावकाश पिते. गटागट प्यायलं की हवाही गिळली जाते आणि तिचाही दोष लॅक्टोजवर जातो. भाची आता दिवसाला दोन स्कूप घ्यायचं म्हणते आहे. तिला सांगितलं आहे, एक सकाळी घे, एक व्यायामानंतर, आणि दोन्ही पाण्यातच.