बाकी आणि उतारा

औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला खातेउतारा वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. एखाद्या मेडिकलवाल्याकडे ८०,००० रुपये बाकी आहे, एवढ्यावर तो काहीच ठरवत नाही. तो उतारा काढायला सांगतो. शेवटचं बिल कधीचं, पैसे थोडे थोडे येतायत की तीन महिन्यांत एकही पावती नाही, हे बघतो आणि मग पुढचा माल सोडायचा की नाही ते ठरवतो. सांगलीच्या आमच्या एका ग्राहकाला जिरा वाचायला शिकवताना मी त्यांच्या या सवयीचाच आधार घेतला.

आमची कंपनी त्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करते. ग्राहक आणि प्रोग्रॅमर यांच्यामध्ये मी असते. दर शुक्रवारी शेठना अहवाल जायचा. तो जिरामधल्या Status या रकान्यावरूनच तयार व्हायचा, त्यामुळे प्रत्येक कामापुढे ‘झालं’, ‘सुरू आहे’ किंवा ‘बाकी आहे’ यांपैकी एक शब्द असायचा. शनिवारी त्यांचा फोन यायचा. “ताई, एक्सपायरीचं काय झालं?” अहवालात लिहिलेलं असायचं, सुरू आहे. पुढच्या शनिवारीही तेच.

शिकवायला बसले तेव्हा मी त्यांना बोर्ड दाखवलाच नाही. सगळे आधी बोर्डच दाखवतात, आणि माझ्या मते शिकवणी तिथेच फसते. बोर्डवर नवखा माणूस कार्डं मोजतो. एक कार्ड अर्ध्या तासाचं असतं, दुसरं तीन आठवड्यांचं. दोन्ही दिसतात सारख्याच आकाराची, म्हणून मोजून हाती काही लागत नाही. त्याऐवजी शेठना ज्याची खडान्‌खडा माहिती आहे असं एकच तिकीट उघडलं, मुदत संपलेला माल परत घेण्याचं.

वर Status पुढे In Progress होतं. “ही बाकी,” मी म्हटलं. मग खाली Activity मध्ये History उघडली. “आणि हा उतारा.” तिथे प्रत्येक बदल तारखेसह असतो: कुणी केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. सर्वांत जुन्या नोंदीपासून आम्ही वर येऊ लागलो. काम To Do मधून In Progress मध्ये गेलं, तिथून In Review मध्ये. मग परत In Progress. पुन्हा In Review, पुन्हा परत.

“म्हणजे माल दोनदा नाकारलाय,” शेठ म्हणाले. “का नाकारला ते कुठे दिसतं?”

हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला, तेव्हाच मला वाटलं की हे आता त्यांना येणार. कारण Comments मध्ये होतं. ज्या तारखेला काम परत आलं, त्याच तारखेची कॉमेंट शोधायची, एवढीच युक्ती त्यांना सांगितली.

कॉमेंट अशी होती. दुकानदाराने एक्सपायरी माल परत केला की क्रेडिट नोट निघावी, असं प्रोग्रॅमरने केलं होतं. तपासणाऱ्या मुलीने मुद्दाम जुनी बॅच घेतली. औषधाची मुदत दोन-तीन वर्षांची असते, त्यामुळे ते परत येईपर्यंत मूळ बिल बरंच जुनं झालेलं असतं. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार, ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच क्रेडिट नोटवर कर कमी करता येतो. त्या बॅचची ती तारीख उलटून गेली होती. सॉफ्टवेअर तरीही कर वजा करत होतं. तिने काम परत पाठवलं. प्रोग्रॅमरने तारखेची अट घातली, पण मग नवा प्रश्न उभा राहिला: तारीख उलटलेल्या मालाचं करायचं काय? शेवटची ओळ होती, ‘क्लायंटला विचारून ठरवावं लागेल.’ त्यानंतर उताऱ्यात एकही नोंद नव्हती.

काम प्रोग्रॅमरकडे अडलं नव्हतं, शेठच्याच निर्णयावाचून थांबलं होतं. शेठनी तिथूनच त्यांच्या सीएंना फोन लावला. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने नवी विक्री समजून स्वतःचं बिल करावं आणि माल परत पाठवावा, ही वाट २०१८ च्या परिपत्रकाने मोकळी ठेवलेली आहे. बाकीच्यांना कर न वजा करता नुसत्या रकमेची क्रेडिट नोट द्यायची, असं ठरलं. शेठनी सांगितलं, तसं मी त्यांच्याच खात्यावरून त्या तिकिटावर लिहिलं. ‘सुरू आहे’ या दोन शब्दांत यातलं काहीही मावलं नसतं, अहवाल कुणीही लिहिला असता तरी.

बोर्ड त्यानंतर आला, आणि त्यावर जास्त बोलावं लागलं ते Done या स्तंभाविषयी. Done म्हणजे दुकानातल्या संगणकावर आलं असं नाही. ते पुढच्या रिलीजबरोबर येतं, म्हणून Fix versions बघायचं. सोडून दिलेलं कामही Done मध्येच जातं, Resolution ला Won't Do असं लिहून. आणि आमच्या कानबान बोर्डवरून पूर्ण झालेली कार्डं दोन आठवड्यांनी दिसेनाशी होतात. ती पुसली जात नाहीत, शोधली की सापडतात. हे आधी सांगितलं नाही तर काम गायब झालं असं वाटून मालक घाबरतो.

Assignee चं मात्र मी स्पष्टच बोलले. ते नाव काम कुणाच्या हातात आहे ते सांगतं, चूक कुणाची ते नाही. मालक नावं बघून जाब विचारू लागला की आठवड्याभरात कॉमेंट्स सावध होतात, ‘क्लायंटला विचारावं लागेल’ असं कुणी लिहीत नाही, आणि मग उतारा असून नसल्यासारखा. म्हणून आमचं ठरलं: शेठनी सगळं वाचावं, लिहावं ते फक्त निर्णय मागितला असेल तिथे. ‘लवकर करा’ हे फोनवर मला सांगावं. त्यांनी ते पाळलं, आणि मला त्यांचं त्यासाठी फार कौतुक आहे.

रोज सगळी तिकिटं कोण वाचणार? त्यासाठी ‘अडलेली कामं’ नावाचा एक फिल्टर मी जतन करून दिला:

```
statusCategory = "In Progress" AND NOT status CHANGED AFTER -14d
```

हाती घेतलेलं, पण १४ दिवसांत जागचं न हललेलं काम एवढंच यात येतं. पहिल्यांदा मनात होतं `updated <= -14d` वापरावं. पण कुणी नुसतं लेबल बदललं तरी updated ची तारीख ताजी होते आणि अडलेलं काम यादीतून निसटतं. पैसे न देता नुसता पत्ता बदलून घेणाऱ्या पार्टीला नियमित समजण्यासारखंच ते. या फिल्टरची ईमेल शेठना सोमवारी सकाळी जाते. यादीत काही असलं की ते तिकीट उघडतात, History बघतात, तारीख धरून कॉमेंट वाचतात.

यातून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे अजून किती दिवस लागतील. उतारा झालेलं सांगतो. Due date चा रकाना आहे, पण आमच्याकडे तो अंदाजाने भरला जातो आणि मी शेठना त्यावर विसंबू नका असंच सांगितलंय. शनिवारचा फोन येतो तो यासाठी. हल्ली ते तिकिटाचा नंबर सांगून विचारतात, आणि मला उत्तर द्यायच्या आधी प्रोग्रॅमरशी बोलून घ्यावं लागतं.