शोधताना जे आठवेल ते

सोलापूरच्या गिरण्यांवर लिहिणाऱ्याकडे कागद पाच लिप्यांत साठतात. मराठी कात्रणे, इंग्रजी अहवाल, एखाद्या जुन्या कामगाराच्या घरून आलेले कानडी किंवा तेलुगू पत्र, कधी उर्दूतली नोटीस. शोधतो मात्र मी एकाच लिपीत आणि एकाच सवयीच्या शब्दाने. कागद हरवतो तो बहुतेक वेळा इथेच. कपाटात आणि संगणकात तो असतो, पण मी मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही.

•

1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात गावाचे नाव Sholapur आहे. आजच्या कागदांत Solapur. मराठीत सोलापूर, जुन्या छापील मजकुरात कुठेकुठे शोलापूर. म्हणजे गावाचे नावच चार प्रकारे साठवलेले आहे, आणि त्यातला एक प्रकार शोधखिडकीत टाकला की बाकीचे तीन बाहेर राहतात.

•

फोल्डर किती करावेत, हा प्रश्न पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहिले की सुटतो. तिथले कागद रुमालांत बांधलेले. रोजकीर्दीचे रुमाल तारखेने लागतात, प्रांत अजमासाचे प्रांताने. एखाद्या गावचा मामला दोन्हीकडे निघू शकतो, पण एक कागद दोन रुमालांत बांधता येत नाही. 1930 पासून गो. स. सरदेसाईंनी त्या दफ्तरातून 45 खंड निवडून छापले.

माझ्याकडे फोल्डर तीनच आहेत: चालू, साधने, छापून झालेले. ‘संप’, ‘गिरणीमालक’, ‘1930’ असले फोल्डर करायचा मोह होतो. पण 1930 मधल्या गिरणीमालकांच्या पत्राचे मग काय करायचे? विषय फोल्डरवर न लिहिता नोंदवहीत लिहावा.

•

नोंदवही म्हणजे एक साधी स्प्रेडशीट. कागद हातात आला की त्याला पुढचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, फाइलच्या नावात आणि नोंदवहीत, असा तीन ठिकाणी जातो. एक नोंद अशी:

```
क्रमांक : S-0412
तारीख  : 1930-05-12
काय    : लष्करी कायदा, कात्रण
कुठे   : कपाट 2, फाइल 7
शब्द   : सोलापूर शोलापूर Sholapur
         Solapur मार्शल लॉ martial law
         लष्करी कायदा हुतात्मे
फाइल   : 1930-05-12_S-0412_martial-law.pdf
```

सगळी मेहनत ‘शब्द’ या रकान्यात आहे. कागदावर काय लिहिले आहे ते इथे उतरवायचे नसते. सहा महिन्यांनी मी काय म्हणून हे शोधीन, ते लिहायचे. ‘हुतात्मे’ हा शब्द मे 1930 च्या कात्रणात असणार नाही, कारण चौघांना फाशी झाली ती 12 जानेवारी 1931 ला, येरवड्यात. पण मी शोधणार त्याच शब्दाने.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. दिवस आधी लिहिला की 12 मे आणि 12 जानेवारी शेजारी येऊन बसतात आणि मधले आठ महिने कुठेतरी खाली जातात. आणि ती तारीख कागदाची, स्कॅन केल्याची नव्हे.

•

माणसांची नावे वेगळ्या पानावर. फाशी गेलेल्या त्या चौघांचीच पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. यातले शेवटचे नाव कुर्बान, कुरबान, हुसेन, हुसैन, Qurban, Kurban, Hussain असे कसेही भेटते. धनशेट्टींच्या नावाला इंग्रजीत शेवटी i लागतो, नाहीतर y. प्रत्येक माणसाचे एक रूप पक्के ठरवायचे, तेच सगळ्या नोंदींत वापरायचे, आणि बाकीची रूपे त्या एका पानावर त्याच्यासमोर लिहून ठेवायची. ज्या शहरात कानडी, तेलुगू आणि उर्दू नावे मराठीत उतरतात, तिथे हे पान लवकर भरते.

•

मराठीत शोधताना शब्द पुरा टाइप करू नये. ‘गिरणी’ टाकले तर ‘गिरण्यांच्या’ सापडत नाही. ‘खटला’ टाकले तर ‘खटल्यात’ निसटते. ‘गिरण’ आणि ‘खटल’ एवढेच टाकावे, म्हणजे सगळी रूपे जाळ्यात येतात.

याहून छुपा घोळ ‘ॲ’ चा. ‘ॲडव्होकेट’ मधले पहिले अक्षर काही कळफलक एकच चिन्ह म्हणून घालतात, काही ‘अ’ वर चंद्र ठेवून दोन चिन्हांचे करतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला पुष्कळदा वेगळे. शोधताना पहिले अक्षर गाळून ‘डव्होकेट’ टाकले की दोन्ही मिळतात.

•

सर्वांत जास्त मजकूर गडप होतो तो जुन्या फॉन्टांमुळे. युनिकोड रुळण्याआधी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत टाइप झालेल्या फाइली पडद्यावर सुरेख मराठी दिसतात, आत मात्र इंग्रजी अक्षरे असतात. ओळखायची रीत सोपी: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. कृतिदेवमधले ‘सोलापूर’ तिथे `lksykiwj` असे उमटते. अशी फाइल मराठी शब्दाने कधीच सापडणार नाही. वर्ड फाइल असेल तर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावी आणि जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण तिथे चुका राहतात.

पीडीएफ असेल तर तिला चित्र समजून पुन्हा वाचून घ्यावे लागते. यासाठी मी `ocrmypdf` वापरतो. नुसत्या आज्ञेने ते अडते, पानावर आधीच मजकूर आहे म्हणते. बरोबरच आहे, कचरा का होईना, मजकूर आहे. म्हणून जबरदस्ती:

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng juni.pdf navi.pdf
```

`mar` ही मराठीची भाषाफाइल वेगळी बसवावी लागते. मूळ फाइल टाकून देऊ नये.

•

स्कॅन 300 डीपीआयला. खिळ्यांच्या छपाईतली शाई पसरलेली असली तर यंत्र ‘घ’ आणि ‘ध’ यांत, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते, आणि मोडी तर त्याला वाचताच येत नाही. यंत्राने वाचलेला मजकूर शोधायला ठीक, उद्धृत करायला नाही. उद्धृत करायचे तेव्हा S-क्रमांकावरून मूळ कागदच काढावा.

•

सगळ्याच कागदांना हा मान देण्यात अर्थ नाही. ज्यातले काही छापण्यात येईल असे वाटते तेवढ्याचीच नोंद. बाकीचे सालाच्या गठ्ठ्यात, बिननोंदीचे. नोंदवही इतकी बारीक केली की ती भरण्यातच दिवस जातो आणि लेख राहतो, असे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांची कपाटे देखणी असतात.

पद्धत चालते की नाही याची परीक्षा एकच: छापून आलेल्या आपल्याच लेखातले कुठलेही वाक्य घ्यावे आणि त्याचा मूळ कागद चहा निवायच्या आत हातात यावा.

•

हल्ली लोक आजोबांचे गिरणीतले हजेरीकार्ड व्हॉट्सॅपवर पाठवतात. त्या फाइलीचे नाव `IMG-20240815-WA0003.jpg` अशा धाटणीचे. नावातली तारीख फोटो फोनवर आल्याची, कार्डाची नव्हे, त्यामुळे तशीच ठेवली तर 1950 चे कार्ड 2024 च्या रांगेत जाऊन बसते. शिवाय फोटो दाबून लहान झालेला, बारीक अक्षरे विरघळलेली. पाठवणाऱ्याला सांगावे, ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मागची बाजूही.’ शिक्का आणि खात्याचे नाव कधीकधी मागेच असते.