तीन छेदांचा हिशोब

a, b, c या तीन धन संख्या घ्या. प्रत्येकीला उरलेल्या दोघींच्या बेरजेने भागा आणि तिन्ही अपूर्णांक मिळवा. उत्तर दीडपेक्षा कधीच कमी येत नाही:

a/(b+c) + b/(c+a) + c/(a+b) ≥ 3/2

१, २, ३ घेतल्या तर १/५, २/४ आणि ३/३ मिळतात, म्हणजे १.७. तिन्ही संख्या सारख्या असल्या की बरोबर दीड. ही असमता १९०३ साली ए. एम. नेस्बिट यांनी लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना मी ती पहिल्या काही तासांतच देतो, कारण तिच्यावरचा सर्वांत सहज सुचणारा हल्ला फसतो आणि तो का फसतो हे समजण्यासारखे आहे.

तो हल्ला असा. तीन धन पदांची बेरीज दिसली की मुले अंकगणितीय आणि भूमितीय मध्यांची असमता लावतात. बेरीज ही तिन्ही अपूर्णांकांच्या गुणाकाराच्या घनमुळाच्या तिप्पट तरी असते, हे खरेच आहे. आता तो गुणाकार १/८ पेक्षा मोठा किंवा तेवढा असता तर काम झाले असते. पण b+c हे 2√(bc) पेक्षा कमी नसते आणि तसेच इतर दोन छेदांचेही, म्हणून छेदांचा गुणाकार 8abc किंवा त्याहून मोठा असतो. त्यामुळे अपूर्णांकांचा गुणाकार १/८ च्या वर जातच नाही. दोन्ही विधाने खरी, पण दिशा उलट्या. ती जोडून काहीही सिद्ध होत नाही. वहीत मात्र ही ओळ फार साळसूद दिसते. ती तपासायची तर a = b = 1 ठेवून c शून्याजवळ न्यावा. खरी बेरीज २ कडे जाते आणि आपण धरलेली खालची मर्यादा शून्याकडे घसरते. जी पायरी इतके गमावते, तिच्यावर पुढे कितीही कष्ट घेतले तरी दीड हाती लागणार नाही.

म्हणून आधी छेदांकडे बघायचे. प्रत्येक अपूर्णांकात १ मिळवला की a/(b+c) चे (a+b+c)/(b+c) होते. तिन्ही अंश एकच झाले! आता छेदांना नावे देऊ: x = b+c, y = c+a, z = a+b. यांची बेरीज a+b+c च्या दुप्पट आहे. म्हणजे मूळ बेरीज अधिक ३ ही

(1/2)(x+y+z)(1/x + 1/y + 1/z)

एवढी झाली. कंसांचा गुणाकार उलगडला की तीन वेळा १ मिळतो आणि x/y + y/x यांसारख्या तीन जोड्या. प्रत्येक जोडी म्हणजे 2 + (x−y)²/(xy). वर्ग ऋण नसतो, x आणि y धन आहेत, म्हणून जोडी किमान २. गुणाकार किमान ३ + ६ = ९, त्याचा अर्धा साडेचार, त्यातून ३ वजा केले की दीड.

या सिद्धतेतला मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे तिच्यात काहीच हरवत नाही. x−y म्हणजे b−a, तेव्हा दीडच्या वर नेमके किती जास्त, हेही ती सांगते: (a−b)²/(xy) आणि त्याच्यासारखी आणखी दोन पदे, त्या तिन्हींच्या बेरजेचा अर्धा. १, २, ३ साठी x, y, z आहेत ५, ४, ३. पदे १/२०, १/१२ आणि ४/१५, बेरीज ०.४, अर्धा ०.२. दीड अधिक ०.२, म्हणजे तेच १.७. बरोबरी केव्हा येते हा प्रश्नही इथेच सुटतो: तिन्ही वर्ग शून्य, म्हणजे तिन्ही संख्या सारख्या. संख्या धन असण्याची अट कुठे लागली, तेही इथे दिसते. xy, yz किंवा zx ऋण झाला तर सगळे ढासळते.

चार संख्यांचे चक्र घेतले, a/(b+c) + b/(c+d) + c/(d+a) + d/(a+b), तर १ मिळवून अंश सारखे होत नाहीत. पहिल्यात a+b+c, दुसऱ्यात b+c+d. ही बेरीज २ पेक्षा कमी नसते हे खरे आहे, पण त्यासाठी कोशीची असमता वापरावी लागते. हेच चक्र n संख्यांपर्यंत वाढवून बेरीज n/2 पेक्षा कमी होत नाही ना, असे हॅरॉल्ड शापिरो यांनी १९५४ साली विचारले. उत्तर चकित करणारे निघाले: सम n साठी १२ पर्यंत आणि विषम n साठी २३ पर्यंत खरे, त्यापुढे खोटे. १४ संख्यांपाशीच पहिला अपवाद सापडतो. मात्र घसरण अगदी थोडी आहे. १९७१ साली व्लादिमिर ड्रिनफेल्ड यांनी दाखवले की n कितीही मोठा असला तरी बेरीज सुमारे ०.४९४५ गुणिले n याच्या खाली जात नाही.